‘भरती’ शोधणारे सगळेच समुद्राकडे येत नाहीत

प्रश्न : मी दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. सातवीच्या ‘भरती-ओहोटी’ या पाठावर नऊ भागांची मालिका करतेय, पाच भाग यूट्यूबवर टाकून झालेत. बघणारे येतात पण अर्ध्या मिनिटात निघून जातात. शोधशब्दांच्या यादीत ‘पोलीस भरती’ आणि ‘आज भरती किती वाजता’ असलं काहीतरी दिसतं. चॅप्टर लिहिलेत, तरी ते पट्टीवर उमटत नाहीत. मुलं आणि शिक्षक यांच्यापर्यंत पोचायचं तर वर्णन, चॅप्टर, टॅग कसे लिहू? भाग दोनचं शीर्षक ‘भरती भाग 2’ आहे, वर्णन सोबत दिलंय. सहावा भाग ‘भांग’ या नावाने तयार आहे.

उत्तर :

बाई, तुमची शोधशब्दांची यादी वाचून हसू आलं, कारण याच खड्ड्यात मी आधी पडून आलोय. हापूसची कलमं बांधायची कशी, यावर एका बागायतदारासाठी मालिका केली होती आणि मोठ्या हौसेने शीर्षक दिलं ‘कलम : भाग १’. आठवडाभर बघणारे आले ते कायद्याचा अभ्यास करणारे. त्यांना घटनेचं कलम हवं होतं, आम्ही त्यांना चाकू आणि प्लॅस्टिकची पट्टी दाखवत होतो. शीर्षकात ‘कलम’च्या जागी ‘आंब्याचं कोयकलम’ घातलं तेव्हा कुठे बागवाले यायला लागले. ‘कोयकलम’ या शब्दाला दुसरा अर्थच नाही.

‘भरती’ला मात्र आहे, आणि तो जास्त जोरकस आहे. शिवाय हिंदीतही नोकरभरतीला ‘भर्ती’च म्हणतात. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की दोन्ही एकच दिसतात, म्हणजे तुमच्या पाठाची स्पर्धा अख्ख्या उत्तर भारतातल्या नोकरीच्या जाहिरातींशी लागली. हिंदीत समुद्राच्या भरतीला ज्वार म्हणतात, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला तुमचा व्हिडिओ चुकूनही उपयोगी पडणार नाही. तो येतो, लाटा बघतो आणि जातो. हे नुसतं वाया गेलेलं व्ह्यू नसतं. एखाद्या शोधशब्दावरून आलेली माणसं व्हिडिओ किती बघतात, हे यूट्यूबचा शोध बघत असतो. चुकीची माणसं पळाली की तोटा तुमच्या व्हिडिओचा होतो.

आता यादीतले दोन चुकीचे पाहुणे वेगळे करू, कारण दोघांचा इलाज वेगळा आहे. ‘पोलीस भरती’वाला पूर्णपणे परका आहे, त्याला दारातच यायला नको. ‘आज भरती किती वाजता’ विचारणारा तसा नाही. तो पुण्याहून हर्णैला निघालेला पर्यटक असेल, कोळंब्या धरायला खाडीत जाणारा असेल, किंवा मुरूडला पोरांना घेऊन पोहायला जाणारा बाप असेल. त्याला समुद्राचीच भरती हवी आहे, फक्त कारण नको, वेळ हवी आहे. तुमचा चौथा भाग तिथीवरून भरतीची वेळ काढण्यावर आहे, असं प्लेलिस्टवरून दिसतं. या माणसाला दुसऱ्या भागातून हाकलू नका, चौथ्यात पाठवा.

पहिल्याचा बंदोबस्त शीर्षकात होतो. ‘भरती’ हा शब्द एकटा कधीच सोडायचा नाही. त्याच्या शेजारी ‘ओहोटी’ किंवा ‘समुद्र’ हवाच. ‘भाग 2’ने सुरुवात करू नका आणि त्याच्यावर विसंबूही नका. नवख्या बघणाऱ्याला भाग एक म्हणजे काय तेच माहीत नसतं. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना-मात्रा-वेलांटीही मोजल्या जातात. मोबाइलवर तर त्याच्या बरंच आधी शीर्षक तुटतं. म्हणून प्रश्न आधी, इयत्ता नंतर आणि भागाचा आकडा सगळ्यात शेवटी :

```
समुद्राची भरती रोज उशिरा का येते? | भरती-ओहोटी | 7वी भूगोल | भाग 2
```

आकडा ‘7वी’ असा इंग्रजी ठेवलाय तो मुद्दाम. मुलं मोबाइलवर अंक बहुधा तसेच टाइप करतात. ‘सातवी’ आणि ‘७ वी’ वर्णनात येऊ द्या, तिथे जागा आहे.

आता वर्णन. तुमचं ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आपल्या चॅनलवर आपले सहर्ष स्वागत आहे’ असं सुरू होतं, आणि पाचही व्हिडिओंत ते तेच आहे. वर्गात शिरताना हे शोभतं. यूट्यूबवर वर्णनाच्या फक्त पहिल्या एक-दोन ओळी उघड्या दिसतात, बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे जी जागा सगळ्यांत महाग, तिथे आपण सतरंजी अंथरून ठेवलीय. शिवाय पाचही ठिकाणी तोच मजकूर असला, तर भाग दोन आणि भाग तीन यांत फरक काय हे वर्णनावरून कोणालाच कळत नाही, माणसाला नाही आणि यंत्रालाही नाही.

भाग दोनसाठी मी असं लिहीन :

“समुद्राला काल सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पूर्ण भरती होती, तर आज सात वाजता का? सातवीच्या भूगोलातल्या ‘भरती-ओहोटी’ या पाठातलं ५० मिनिटांचं गणित, हर्णै बंदरात उभं राहून.”

ही झाली उघडी दिसणारी बाजू. यात समुद्र आहे, इयत्ता आहे, विषय आहे, पाठाचं पुस्तकातलं नाव जसंच्या तसं आहे, आणि हा भाग कशाबद्दल आहे तेही आहे. त्याखाली एक परिच्छेद साध्या वाक्यांत : चंद्र रोज सुमारे १२ ते १३ अंश पुढे सरकतो, पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून तीच जागा पुन्हा चंद्रासमोर यायला २४ तास ५० मिनिटं लागतात आणि दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटांचं अंतर पडतं. एवढं लिहिलं की मुलाने शोधताना वापरण्यासारखे शब्द आपसूक येऊन जातात, वेगळे कोंबावे लागत नाहीत. ‘उत्तर वर्णनातच दिलं तर व्हिडिओ कोण बघणार’ ही भीती शिक्षकांना फार असते. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला दोन ओळींत पटलं की हे आपल्याच पाठातलं आहे, तोच पुढे टिकतो.

मग पर्यटकासाठी एक ओळ : “आज तुमच्या किनाऱ्यावर भरती किती वाजता, हे तिथीवरून काढायचं असेल तर भाग ४ बघा”, आणि पुढे त्या भागाचा दुवा. ही ओळ पहिल्या दोन ओळींत नको, तिसऱ्या-चौथ्या ओळीत चालेल.

इथे एक मोह होतो, तो टाळा. ‘हा व्हिडिओ पोलीस भरतीबद्दल नाही’ असं लिहावंसं वाटतं. लिहू नका. वाचणाऱ्या माणसाला ‘नाही’ कळतं, पण शोधाच्या यंत्राने ते धरलं तर धरलं. आपण मात्र स्वतःच्या हाताने ‘पोलीस भरती’ हे दोन शब्द वर्णनात लिहून दिलेले असतात. परक्याला दूर ठेवायचं ते त्याचं नाव न घेता, आपले शब्द नेमके लिहून.

आता तुमचे चॅप्टर का उमटत नाहीत ते बघू. नियम तीनच आहेत. पहिली वेळ `0:00` असलीच पाहिजे, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात, आणि प्रत्येक चॅप्टर निदान १० सेकंदांचा हवा. तुमची यादी सुरू होते `0:20` पासून, कारण पहिली वीस सेकंदं शाळेचं बोधचिन्ह आहे आणि तुम्हाला ते ‘चॅप्टर’ म्हणावंसं वाटलं नाही. प्रामाणिकपणा चांगला, पण `0:00` नसलं तर सगळी यादीच बाद होते.

तुमच्या वर्णनात दुसरा घोटाळा आहे आणि तो भरतीच्या विषयातच होऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही लिहिलंय, ‘दोन भरत्यांमध्ये 12:25 चे अंतर असते. काल भरती 6:10 ला होती, आज 7:00 ला.’ यूट्यूबला हे घड्याळ वाटत नाही, व्हिडिओतली जागा वाटते. तुमचा व्हिडिओ १४ मिनिटांचा आहे, त्यामुळे हे तिन्ही आकडे त्यात बसतात. ते निळे होतात आणि दाबले की माणूस सहाव्या मिनिटाच्या दहाव्या सेकंदावर जाऊन पडतो. वर 12:25, खाली 6:10, मग पुन्हा तुमची खरी यादी असं झालं की चढता क्रमही मोडू शकतो. म्हणून घड्याळाची वेळ वर्णनात नेहमी शब्दांत किंवा ‘12 तास 25 मिनिटे’ अशी लिहायची. अपूर्णविराम फक्त चॅप्टरच्या वेळेला. आणि चॅप्टरच्या वेळा इंग्रजी अंकांतच टाका.

माझी यादी अशी असेल :

```
0:00 भरती रोज त्याच वेळी का येत नाही?
1:35 12 तास 25 मिनिटे: दोन भरत्यांमधलं अंतर
4:50 50 मिनिटांचं गणित: चंद्र किती सरकतो?
8:10 हर्णै बंदर: खांबावरच्या दोन दिवसांच्या खुणा
10:40 स्वाध्याय: भौगोलिक कारणे लिहा
```

प्रत्येक नावात ओळखीचा शब्द आधी येतो, कारण मोबाइलवर पट्टीखाली नावाचा पुढचा तुकडाच दिसतो. तुमच्या यादीतले ‘प्रस्तावना’, ‘विषय विवेचन’, ‘समारोप’ हे शब्द पाठ टाचणातून आलेत. नऊही भागांना ते लागू पडतील, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरगं ‘विषय विवेचन’ शोधत नाही.

चॅप्टर कुठे तोडायचा, हे पाठाच्या आराखड्यावरून ठरवू नका, प्रेक्षक टिकून राहण्याच्या आलेखावरून ठरवा. स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली तो असतो. रेषा उतरत जाते, पण मध्येच कुठे तरी उंचवटा दिसतो. तिथे माणसं मागे येऊन पुन्हा बघतायत. तुमच्या भाग दोनमध्ये तो उंचवटा बहुतेक अंशांच्या गुणाकारापाशी असेल, तिथेच 4:50 चा चॅप्टर नेऊन ठेवा. माझी वेळ अंदाजाची आहे, तुमचा आलेख खरा. गुणाकार 5:20 ला सुरू होत असेल, तर दोन-तीन सेकंद आधी तोडा, नाहीतर वाक्याच्या मध्येच माणूस उतरतो.

चॅप्टर दिले की मुलं उडी मारून थेट स्वाध्यायावर जातील आणि सरासरी बघण्याचा वेळ खाली येईल, अशी तक्रार पुष्कळ शिक्षक करतात. येतो खरा, कधी कधी. पण ज्या मुलाला स्वाध्यायच हवा आहे ते चॅप्टर नसतील तर पूर्ण व्हिडिओ बघत नाही, दुसऱ्याच्या चॅनलवर जातं. जतन केल्यावर मोबाइलवर एकदा उघडून बघा, पट्टीचे तुकडे पडलेत का. पडले नसतील तर वरच्या तीन नियमांपैकी कुठला तरी मोडला आहे, किंवा मजकुरात कुठे तरी घड्याळ शिल्लक आहे. आपोआप चॅप्टर करण्याची सोयही यूट्यूबमध्ये आहे, आणि आपण नीट यादी दिली तर आपलीच धरली जाते. आपोआपवर सोडू नका. ‘सुकती’ आणि ‘भांगाची भरती’ हे शब्द यंत्राला नीट ऐकू येतील यावर माझा भरवसा नाही.

टॅगचं थोडक्यात. तुम्ही पन्नासेक टॅग भरलेत, त्यात ‘कोकण’, ‘बीच’, ‘मालवण’, ‘फिशिंग’ आणि एकटं ‘भरती’ आहे. टॅगचा शोधातला वाटा अगदी कमी आहे, हे यूट्यूब स्वतःच सांगतं. उपयोग मुख्यतः लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग चुकवतात तिथे. मराठीत ही चूक दोन प्रकारे होते. एक म्हणजे ‘ओहोटी’ची ‘ओहटी’ किंवा ‘आहोटी’, आणि दुसरं म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. एवढे पुरेत :

```
भरती ओहोटी, भरती ओहटी, भरती आहोटी, भरती सुकती,
bharti ohoti, bharti ahoti, 7vi bhugol bharti ohoti,
सातवी भूगोल भरती ओहोटी
```

सगळे टॅग मिळून ५०० अक्षरांची मर्यादा आहे. आपल्याला ती गाठायचीच नाही. नुसतं `bharti` मात्र कुठेही नको, त्याची कथा वर झालीच. आणि टॅगची ही यादी वर्णनाच्या तळाशी चिकटवू नका. वर्णनात टॅगांचा ढीग ओतणं नियमांविरुद्ध आहे, त्यावरून व्हिडिओ काढलेही जातात. हॅशटॅग हा वेगळा प्रकार. दोन-तीन पुरे, कारण साठाच्या वर गेले तर यूट्यूब एकही धरत नाही. मी `#भरतीओहोटी` आणि `#सातवीभूगोल` एवढेच ठेवीन.

तुमच्या बोलीतल्या शब्दांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मालिकेचा जीव त्यात आहे. ‘सुकती’, ‘उधाण’, ‘भांग’ हे शब्द काढून टाकू नका. फक्त क्रम असा ठेवा : पुस्तकातला शब्द शीर्षकात, किनाऱ्यावरचा शब्द वर्णनाच्या परिच्छेदात आणि चॅप्टरात. मुलगा ‘ओहोटी’ शोधत येतो आणि आत आल्यावर त्याला कळतं की आजी ज्याला सुकती म्हणते ती हीच. उलट्या बाजूने एखादा कोळीवाड्यातला मुलगा ‘सुकती’ म्हणून शोधेल, तर तोही पोचेल. ‘उधाण’बद्दल एक सावधगिरी. पावसाळ्यात ‘समुद्राला उधाण’ या बातम्यांचा पूर येतो, तेव्हा एकट्या ‘उधाण’ शब्दावर बातम्या बघणारे येतील. ‘उधाणाची भरती, अमावास्या आणि पौर्णिमा’ असं जोडून लिहिलंत की प्रश्न मिटला.

चौथ्या भागाच्या वर्णनात ‘तिथीची पाऊणपट’ ही रीत लिहाच : चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. ती शोधत येणारी माणसं तुमची आहेत. पण त्याला ‘साधारण’ हा शब्द जोडा आणि बंदरागणिक वेळ मागेपुढे होते हेही लिहा. पर्यटक तेवढ्यावर पोरांना घेऊन पाण्यात उतरतो. त्याने पोहायला जाण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक आणि किनाऱ्यावरचे लोक यांनाच विचारावं, हे वाक्य तिथे हवं.

दोन सेटिंगं राहिली. व्हिडिओची भाषा मराठी निवडा. तुमच्या पहिल्या तीन भागांवर ती रिकामी आहे. वर्ग ‘शिक्षण’ ठेवा. प्लेलिस्टला ‘अधिकृत मालिका’ अशी खूण करता येते, तीही करा, म्हणजे दुसऱ्यानंतर तिसरा भाग सुचवला जाण्याची शक्यता वाढते.

आणि पाचही व्हिडिओ एकाच रात्री बदलू नका. मी ते करून बसलोय. सगळं बदललं, आकडे हलले, आणि कशामुळे हलले ते कळेना. आधी फक्त भाग दोन आणि चार बदला. आजची शोधशब्दांची यादी वहीत उतरवून ठेवा. अ‍ॅनालिटिक्स मुळातच मागचे २८ दिवस दाखवतं, तेवढे दिवस थांबून नवी यादी शेजारी लिहा. एकूण व्ह्यू कदाचित घटतील, कारण पोलीस भरतीवाले गेलेले असतील. घाबरू नका. यादीत ‘7vi bhugol’, ‘स्वाध्याय’, ‘भरती ओहोटी कारणे’ असले शब्द वर सरकलेत का, आणि पहिल्या तीस सेकंदांत आलेखाची घसरण कमी झाली का, एवढंच बघा. शब्द सुधारले आणि घसरण तशीच राहिली, तर दोष वर्णनात नाही, त्या वीस सेकंदांच्या बोधचिन्हात आहे. ते कापून शेवटी टाका.

राहिला सहावा भाग. ‘भांग’ हे शीर्षक कृपा करून बदला. आपल्याकडे अष्टमीच्या मंद भरतीला भांग म्हणतात हे खाडीवरच्या पोराला ठाऊक आहे, पण बाकी महाराष्ट्राला त्या शब्दाने एक तर केसांतली रेघ आठवते, नाहीतर शिवरात्रीचा पेला. यूट्यूबला दुसरं आठवलं, तर सातवीच्या मुलांसाठीच्या व्हिडिओवर नको ती शंका येईल. ‘भांगाची भरती म्हणजे काय? अष्टमीला समुद्र शांत का? | 7वी भूगोल’ असं करा. टॅगमध्येही ‘भांगाची भरती’ पूर्ण लिहा, ‘भांग’ सुटं नको.